हातात बंदूक असूनही शांतिसैनिक गोळी का झाडत नाहीत? रवांडाच्या उदाहरणातून समजून घ्या शांतिसेनेचे नियम

11 एप्रिल 1994. रवांडाची राजधानी किगाली. शहरातल्या किचुकिरो भागातल्या एका तंत्रशाळेत सुमारे दोन हजार लोक जीव मुठीत धरून बसले होते. त्यात शेकडो मुलं होती. बाहेर कोयते आणि बंदुका घेतलेले टोळीवाले दबा धरून होते. पण ते आत येत नव्हते, कारण शाळेत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सुमारे 90 बेल्जियन सैनिक होते.

त्या दिवशी दुपारी सैनिकांना निघण्याचा आदेश आला. शाळेतल्या परदेशी नागरिकांना आधीच बाहेर काढलं गेलं होतं. लोकांनी विनवण्या केल्या, काहींनी गाड्यांची वाट अडवली. गाड्या निघून गेल्या आणि टोळीवाले आत शिरले. त्याच दिवशी त्यातल्या बहुतेकांची कत्तल झाली.

निळी टोपी घातलेले सैनिक समोर हिंसा सुरू असताना नुसते उभे आहेत, असा व्हिडिओ आजही अधूनमधून फिरत असतो. खाली कमेंट ठरलेली असते: "मग यांना पाठवलंच कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र त्या सैनिकाच्या धाडसात क्वचितच सापडतं. ही सेना उभी कशी राहिली, तिला कोणतं काम सोपवलं होतं आणि गोळी झाडण्याबाबत तिला काय सांगितलं होतं, या तीन गोष्टींत ते दडलेलं असतं. रवांडात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कशा फसल्या, ते पाहिलं की बाकीचं चित्र आपोआप स्पष्ट होतं.

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही

सुरुवात इथून करावी लागते. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचा एकही जवान नाही. 1945 च्या सनदेत कलम 43 आहे. सदस्य देशांनी करार करून आपल्या काही तुकड्या सुरक्षा परिषदेच्या हाताशी ठेवाव्यात, अशी त्यात कल्पना होती. असा एकही करार आजवर झालेला नाही. गंमत म्हणजे, शांतिसेना हा शब्दच सनदेत नाही. गरजेपोटी ही पद्धत घडत गेली. 1948 मध्ये निःशस्त्र निरीक्षक पाठवण्यापासून सुरुवात झाली आणि 1956 च्या सुएझ संकटात पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली. भारतीय सैनिक त्या पहिल्या सेनेतही होते.

म्हणजे प्रत्येक मोहिमेसाठी सेना नव्याने गोळा करावी लागते. आग लागल्यावर अग्निशमन दल भरती करायला घ्यावं, तसा हा प्रकार आहे.

सेना गोळा होते कशी?

साधारण क्रम असा असतो. आधी एक पाहणी पथक त्या देशात जातं आणि किती सैनिक, किती गाड्या, किती डॉक्टर लागतील याचा अंदाज काढतं. त्यावर महासचिव सुरक्षा परिषदेला अहवाल देतात. परिषद ठराव करते. त्यासाठी 15 पैकी 9 मतं लागतात आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, चीन या पाचपैकी कुणीही व्हेटो वापरलेला चालत नाही. या ठरावात मोहिमेला नेमकं काय करायचं आहे ते लिहिलेलं असतं. त्यालाच मॅन्डेट म्हणतात.

ठराव झाला की न्यूयॉर्कहून देशांना विचारणा सुरू होते. तुम्ही एक बटालियन देता का? हेलिकॉप्टर देता का? फील्ड हॉस्पिटल देता का? देशाने होकार दिला की संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी जाऊन तुकडी आणि तिचं सामान तपासतात. मग करार होतो. किती सैनिक, किती चिलखती गाड्या, त्यांची दुरुस्ती कुणी करायची, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. त्यानंतर गाड्या बोटीत चढतात. या सगळ्याला सहज काही महिने जातात.

पैशाची व्यवस्थाही समजून घ्यायला हवी. खर्च सगळे सदस्य देश ठरलेल्या वाट्यानुसार उचलतात आणि श्रीमंत देशांचा वाटा मोठा असतो. सैनिक देणाऱ्या देशाला संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे दर महिन्याला ठरावीक रक्कम देतात. अलीकडच्या वर्षांत ती साधारण 1,400 ते 1,450 डॉलर आहे. हे पैसे सैनिकाच्या नव्हे, तर सरकारच्या खात्यात जातात. सैनिकाला पगार आपल्या देशाच्या नियमांनुसार मिळतो. सध्या सर्वाधिक सैनिक देणाऱ्यांत नेपाळ, रवांडा, बांगलादेश आणि भारत हे देश आहेत. म्हणजे ठराव बहुतांशी बड्या देशांच्या इच्छेने होतो, बिलाचा मोठा भाग श्रीमंत देश भरतात आणि जमिनीवर उभे राहतात ते बहुधा दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतले जवान. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

रवांडात काय जमवलं गेलं?

रवांडात हुतू बहुसंख्याकांचं सरकार आणि तुत्सी बंडखोरांची संघटना यांच्यात तीन वर्षं लढाई चालली होती. ऑगस्ट 1993 मध्ये टांझानियातल्या अरुशा शहरात शांतता करार झाला. तो अमलात येतोय का हे पाहण्यासाठी शांतिसेना पाठवायची ठरलं. सेनापती म्हणून कॅनडाचे रोमियो डॅलेअर यांची निवड झाली.

पाहणीनंतर चार हजारांहून अधिक सैनिक लागतील असा अंदाज होता. पण काळ वाईट होता. 3 ऑक्टोबर 1993 रोजी सोमालियातल्या मोगादिशूमध्ये एका कारवाईत 18 अमेरिकी सैनिक मारले गेले. दोनच दिवसांनी, 5 ऑक्टोबरला, रवांडाचा ठराव मतदानाला आला. मोठ्या आणि धोक्याच्या मोहिमेसाठी कुणाचीच तयारी नव्हती. ठराव क्रमांक 872 ने 2,548 जणांची सेना मंजूर केली. तिचं काम करारावर देखरेख ठेवणं आणि किगालीत सुरक्षा राखायला मदत करणं एवढंच होतं.

ही सेना जमायलाही काही महिने लागले. बांगलादेश आणि घानाने मोठ्या तुकड्या दिल्या. बेल्जियमने सुमारे 450 सैनिक दिले. सगळ्यांत चांगली शस्त्रं आणि प्रशिक्षण असलेली तुकडी हीच होती, पण अडचण अशी की रवांडा ही बेल्जियमची जुनी वसाहत होती. एरवी असा देश टाळला जातो, कारण स्थानिक लोक त्याला तटस्थ मानत नाहीत. दुसरा पुरेसा सक्षम देश पुढे न आल्याने इलाज नव्हता.

सामानाची गत आणखी वाईट. डॅलेअर यांनी 22 चिलखती गाड्या मागितल्या होत्या. मोझांबिकमधल्या मोहिमेतून वापरलेल्या आठ आल्या आणि त्यातल्या पाचच चालण्याजोग्या होत्या. काही तुकड्या आवश्यक साहित्याशिवायच दाखल झाल्या. कागदावर अडीच हजार सैनिक होते, पण संकटाच्या ठिकाणी पटकन पोहोचू शकतील असे त्यातले थोडेच.

गोळी झाडण्याचे नियम म्हणजे काय?

आता दुसरा भाग. प्रत्येक मोहिमेला 'रूल्स ऑफ एंगेजमेंट' नावाचा दस्तऐवज दिला जातो. बळ कधी वापरायचं, किती वापरायचं आणि कुणाच्या परवानगीने, हे त्यात असतं. मॅन्डेट सांगतं काय करायचं आहे. हे नियम सांगतात की ते करताना बंदूक कुठवर उचलता येईल. न्यूयॉर्कमधलं मुख्यालय ते मंजूर करतं. मैदानावरचा सेनापती बदल सुचवू शकतो, पण स्वतःच्या अधिकारात ते सैल करू शकत नाही. सैनिकाच्या खिशात याचाच सारांश असलेलं छोटं कार्ड असतं.

मोहिमेनुसार तपशील बदलतात, गाभा मात्र सारखाच असतो. स्वतःचा आणि सहकाऱ्यांचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरता येतं. ठरावात तसं म्हटलं असेल तर नागरिकांना वाचवण्यासाठीही, प्रसंगी जीवघेणं बळ वापरता येतं. ठराव सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली झाला असेल, तर ही मुभा जास्त स्पष्ट असते.

सैनिकापुढचा खरा पेच असतो तो समोरच्याला ओळखण्याचा. नियमांत दोन गोष्टींचा विचार असतो. एक म्हणजे हल्ल्याची प्रत्यक्ष कृती आणि दुसरी हल्ल्याचा उघड हेतू. नाक्यावर खांद्याला बंदूक लटकवून उभा असलेला माणूस धोक्याचा वाटला, तरी एवढ्यावर गोळी झाडता येत नाही. त्याने बंदूक रोखली किंवा कोयता उगारून एखाद्याच्या अंगावर धावला, तर हेतू उघड होतो. नियमांनुसार सैनिकाने पहिली गोळी लागायची वाट पाहायची नसते. अनेकांना हे माहीत नसतं. "आधी त्यांनी झाडली तरच" असा सरसकट नियम आजच्या मोहिमांमध्ये नाही.

मग येतात पायऱ्या. आधी आपली उपस्थिती दाखवायची, बोलून पाहायचं, वाट अडवायची. मग स्थानिक भाषेत मोठ्याने इशारा: संयुक्त राष्ट्रं, थांबा, नाहीतर गोळी झाडीन. तो पुन्हा द्यायचा. बंदूक सज्ज करायची. गरज पडली तर इशाऱ्याची गोळी सुरक्षित दिशेला झाडायची. एवढ्यानेही थांबला नाही तर नेम धरून, गरजेपुरतीच. उशीर केल्यास कुणाचा जीव जाणार असेल, तर पायऱ्या गाळता येतात. धोका संपला की गोळीबारही थांबायला हवा. पळणाऱ्याचा सूड घेता येत नाही. जखमी कुणाच्याही बाजूचा असो, त्याला उपचार द्यावे लागतात. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा अहवाल द्यावा लागतो.

उत्तरच न आलेला मसुदा

आता पुन्हा रवांडात. नोव्हेंबर 1993 मध्ये डॅलेअर यांनी नियमांचा मसुदा न्यूयॉर्कला पाठवला. त्यात एक कलम असं होतं की, वांशिक किंवा राजकीय कारणांनी गुन्हे घडू लागले तर ते थांबवण्यासाठी सेना हाताशी असलेली सगळी साधनं वापरेल. नरसंहाराच्या वेळी हवा असलेला अधिकार नेमका हाच होता. मुख्यालयाने त्या मसुद्याला औपचारिक उत्तर कधी दिलंच नाही. ना मंजुरी, ना नकार.

11 जानेवारी 1994 रोजी डॅलेअर यांनी एक तार पाठवली. टोळीवाल्यांना प्रशिक्षण देणाऱ्या एका खबऱ्याने माहिती दिली होती की शहरात शस्त्रं दडवली आहेत, किगालीतल्या तुत्सींची नोंद करून घेतली जात आहे आणि बेल्जियन सैनिकांना चिथावून त्यातल्या काहींना मारायचा बेत आहे. उद्देश हा की बेल्जियमने घाबरून माघार घ्यावी. डॅलेअर छापा टाकून शस्त्रं जप्त करणार होते. न्यूयॉर्कहून उत्तर आलं की हे मॅन्डेटबाहेरचं आहे, छापा टाकू नका, ही माहिती रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांना आणि तीन देशांच्या राजदूतांना द्या. म्हणजे शस्त्रं ज्यांच्या गोटात दडली होती, त्यांनाच खबर द्यायची.

मुख्यालय असं का वागलं? मोगादिशूची जखम ताजी होती. तिथे शस्त्रं जप्त करण्याच्या प्रयत्नातूनच शांतिसेना एका गटाशी युद्धात ओढली गेली होती. तसं पुन्हा घडलं तर परिषद सगळी मोहीमच गुंडाळेल, अशी भीती होती.

एप्रिलमधले ते चार दिवस

6 एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि काही तासांत हत्या सुरू झाल्या. 7 एप्रिलच्या पहाटे पंतप्रधान आगाथ उविलिंगियिमाना यांच्या संरक्षणासाठी दहा बेल्जियन आणि पाच घानियन सैनिक पोहोचले होते. रवांडाच्या सैनिकांनी घराला वेढा घातला. शांतिसैनिकांनी लढण्याऐवजी वाटाघाटींचा मार्ग धरला आणि शस्त्रं खाली ठेवली. पंतप्रधानांना ठार करण्यात आलं. शांतिसैनिकांना लष्करी छावणीत नेलं गेलं. घानाच्या सैनिकांना सोडलं आणि दहाही बेल्जियनांना मारलं. जानेवारीच्या तारेत लिहिलं होतं तसंच.

बेत पुढेही तसाच तडीला गेला. बेल्जियममध्ये संताप उसळला आणि सरकारने आपली तुकडी परत बोलवायचं ठरवलं.

या काळात न्यूयॉर्कहून आलेल्या सूचना वाचल्या की नियमांचा अर्थ किती लवचिक असतो ते कळतं. 9 एप्रिलच्या तारेत डॅलेअर यांना सांगितलं होतं की तटस्थता सोडू नका आणि मॅन्डेटबाहेर जाऊ नका. मात्र परदेशी नागरिकांना बाहेर काढण्यासाठी गरज पडली तर आपल्या निर्णयाने ती मर्यादा ओलांडू शकता. म्हणजे परदेशी लोकांसाठी जी मुभा होती, ती रवांडाच्या नागरिकांसाठी नव्हती. तंत्रशाळेतून गाड्या निघाल्या त्याची पार्श्वभूमी ही आहे. त्या 90 सैनिकांच्या बंदुका खऱ्या होत्या आणि त्या दिसत होत्या तोवर टोळीवाले आत आले नव्हते. एकही गोळी न झाडता तिथली माणसं चार-पाच दिवस जिवंत राहिली होती.

एका सैनिकाचे दोन मालक

इथे एक गोष्ट उलगडते, जी कोणत्याही नियमपुस्तकात ठळकपणे लिहिलेली नसते. शांतिसैनिकाला दोन ठिकाणांहून आदेश येतात. कागदावर तो संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीच्या हाताखाली असतो. पण त्याची बढती, शिस्त, शिक्षा, घरी परतणं हे सगळं त्याच्या देशाच्या हातात असतं. त्यामुळे धोका वाढला की तुकडीचा कमांडर आपल्या राजधानीला फोन लावतो. अनेक देश पाठवतानाच अटी घालतात: आमचे सैनिक रात्री गस्त घालणार नाहीत, अमुक भागाबाहेर जाणार नाहीत. काही अटी लेखी असतात, काही संकटाच्या दिवशीच कळतात.

आणि देशाने "परत या" म्हटलं, तर संयुक्त राष्ट्रं कुणालाही थांबवू शकत नाहीत. बेल्जियम निघाल्यावर इतरांचाही धीर सुटला. 21 एप्रिलला, हत्याकांड ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेने ठराव 912 करून सेना 270 पर्यंत घटवली. प्रत्यक्षात सुमारे 450 जण मागे राहिले. त्यात घानाचे सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यांचे जनरल हेन्री अनिदोहो यांनी आपल्या माणसांसह थांबायचं ठरवलं होतं. या मूठभरांनी स्टेडियममध्ये आणि इतर काही ठिकाणी पहारा देऊन हजारो लोकांना वाचवलं. नियम तेच होते आणि माणसं आधीपेक्षा कमी.

सेनेगलचे कॅप्टन म्बाय दियान्य यांच्याकडे तर शस्त्रही नव्हतं. ते लष्करी निरीक्षक होते आणि निरीक्षक निःशस्त्र असतात. नाक्यानाक्यांवर बोलून, हसवून, सिगारेटी वाटून त्यांनी शेकडो लोकांना बाहेर काढलं. 31 मे रोजी तोफगोळ्याच्या स्फोटात त्यांचा मृत्यू झाला. असाधारण धैर्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या पदकाला आज त्यांचं नाव आहे.

5,500 मंजूर, आले 550

17 मे रोजी परिषदेला चूक उमगली. ठराव 918 ने 5,500 सैनिक मंजूर केले आणि नागरिकांच्या संरक्षणाचं कामही सोपवलं. या वेळी मॅन्डेट बरं होतं, पण सैनिकच नव्हते. काही आफ्रिकी देश जवान द्यायला तयार होते, त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या. ज्यांच्याकडे गाड्या होत्या, ते जवान द्यायला तयार नव्हते. अमेरिकेकडून 50 चिलखती गाड्या घ्यायचं ठरलं, तर भाडं किती, वाहतूक कुणाची यावर वाटाघाटीत आठवडे गेले. गाड्या शेजारच्या युगांडात पोहोचेपर्यंत जून संपत आला.

जुलैच्या अखेरीस, म्हणजे ठरावानंतर दोन महिन्यांहून अधिक काळाने, रवांडात जेमतेम 550 सैनिक होते. तोवर तुत्सी बंडखोरांनी देश जिंकून नरसंहार थांबवला होता. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली होती.

त्यानंतर काय बदललं?

1999 मध्ये स्वीडनचे माजी पंतप्रधान इंगवार कार्लसन यांच्या चौकशी समितीने संयुक्त राष्ट्रांवर कठोर ठपका ठेवला. त्याच वर्षी सिएरा लिओनसाठी केलेल्या ठराव 1270 मध्ये शांतिसेनेला, हिंसेचा तातडीचा धोका असलेल्या नागरिकांचं रक्षण करण्याचा अधिकार पहिल्यांदा इतक्या स्पष्ट शब्दांत दिला गेला. सोबत एक शेपूट होतं: आपल्या क्षमतेनुसार आणि आपण तैनात असलेल्या भागात. हे शेपूट आजही जवळपास प्रत्येक मॅन्डेटला चिकटलेलं असतं.

या मोहिमेचे पहिले सेनापती भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते. मे 2000 मध्ये बंडखोरांनी कैलाहून इथे 222 शांतिसैनिकांना वेढलं. त्यात बहुसंख्य भारतीय जवान होते. सुमारे अडीच महिने बोलणी चालली. ती फसल्यावर जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी' झालं. भारतीय पायदळ, भारताची लढाऊ हेलिकॉप्टरं आणि ब्रिटनची वाहतूक हेलिकॉप्टरं वापरून वेढा फोडला गेला. शांतिसेना हल्ला चढवू शकते का, याचं हे उत्तर होतं. होय, पण त्यासाठी नियम, साहित्य आणि पाठवणाऱ्या देशाची तयारी या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

पूर्वतयारीही सुधारली. ठरावानंतर साध्या मोहिमेची सेना 30 दिवसांत आणि गुंतागुंतीच्या मोहिमेची 90 दिवसांत पोहोचावी, असं उद्दिष्ट 2000 मध्ये मांडलं गेलं. 2015 पासून देश आपल्या तयार तुकड्यांची आगाऊ नोंदणी करतात. निवडक तुकड्या 60 दिवसांत निघायला सज्ज ठेवण्याचं वचनही त्यात असतं. नवी दिल्लीतही शांतिसैनिकांच्या प्रशिक्षणाचं केंद्र आहे.

तरीही बंदुका गप्प का राहतात?

2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत तपासणी विभागाने एक अहवाल दिला. 2010 ते 2013 या काळात नागरिकांवरच्या हल्ल्यांच्या 507 घटना त्यांनी पाहिल्या. त्यातल्या फक्त 101 घटनांत, म्हणजे पाचांतल्या एका घटनेत, शांतिसेनेने तत्काळ प्रतिसाद दिला होता. हल्ला सुरू असताना नागरिकांना वाचवण्यासाठी बळाचा वापर जवळपास कधीच झाला नव्हता. या मोहिमांना तसा कायदेशीर अधिकार होता. म्हणजे रवांडात परवानगीचा अभाव होता, इथे परवानगी असूनही हात उठला नाही.

जुलै 2016 मध्ये दक्षिण सुदानच्या जुबात हेच दिसलं. सरकारी आणि विरोधी सैन्यांत लढाई पेटली होती. 11 जुलैला सशस्त्र सैनिक मदत कार्यकर्त्यांच्या निवासी संकुलात घुसले. तिथे खून आणि बलात्कार झाले. शांतिसेनेचा तळ साधारण एक किलोमीटरवर होता आणि मदतीचे फोन जात होते. कुणीही तिथवर गेलं नाही. मोहिमेत सातव्या प्रकरणाखालचं मॅन्डेट होतं आणि नियमांत नागरिकांचं रक्षण होतं. चौकशीत नेतृत्वाचा गोंधळ आणि तुकड्यांची धोका पत्करण्याची नाखुशी समोर आली. सेनापती असलेल्या केनियाच्या अधिकाऱ्याला हटवण्यात आलं. रागावलेल्या केनियाने आपले सैनिक परत बोलावले. पुन्हा तोच प्रश्न: दोष देणार कुणाला, आणि दोष दिल्यावर सैनिक देणार कोण?

तुकड्यांची बाजूही खोटी नाही. जुबात समोर यजमान देशाचं सरकारी सैन्य होतं, रणगाड्यांसह. शांतिसेना तिथे त्याच सरकारच्या संमतीने राहते. रसद त्याच्याच विमानतळावरून येते, जखमींना घेऊन जाणाऱ्या हेलिकॉप्टरला त्याचीच परवानगी लागते. गोळी झाडली तर उद्या जखमी जवानाला हलवता येईल का, हा विचार कमांडरला करावाच लागतो. भारताने आजवर अशा मोहिमांमध्ये 170 हून अधिक जवान गमावले आहेत. ठराव लिहिणाऱ्यांच्या घरी ते ताबूत जात नाहीत.

पुढचा व्हिडिओ आला की

निळ्या टोपीवाल्यांचा पुढचा व्हिडिओ समोर आला, तर तीन गोष्टी शोधून पाहता येतील. पहिली, त्या मोहिमेच्या ठरावात नागरिकांचं रक्षण हे शब्द आहेत का? लेबनॉन आणि सायप्रसच्या मोहिमा एकसारख्या नसतात. ठराव सगळ्यांसाठी खुले असतात. दुसरी, मंजूर संख्या आणि प्रत्यक्ष हजर संख्या यांत किती अंतर आहे? तिसरी, व्हिडिओतली तुकडी कोणत्या देशाची आहे आणि तिच्या सरकारने तिला कुठवर जायला सांगितलं आहे? हे तिसरं उत्तर क्वचितच जाहीर होतं आणि बहुतेक वेळा खरं कारण तिथेच असतं.

किचुकिरोच्या शाळेतले लोक ज्या टेकडीवर मारले गेले, तिथे आज स्मारक आहे. दरवर्षी 11 एप्रिलला तिथे लोक जमतात. सेनापती, महासचिव, परिषदेचे सदस्य सगळे बदलले, नियमही बदलले. सैन्य मात्र आजही संयुक्त राष्ट्रांचं नाही, उसनं आहे. आणि उसन्या सैन्याला गोळी झाडण्याची मुभा न्यूयॉर्क देत असलं, तरी झाडण्याचं बळ त्याला घरून मिळावं लागतं.